एकशे सदतिसावं पान

माझी भावजय कोरे कागद विकते. खरं तर कागदही नाही, कागदावरच्या रेघा विकते. कागद ज्याचा त्याने आणायचा, शाई ज्याची त्याने घालायची, आणि पैसे मात्र हिला द्यायचे. या धंद्याला ती 'डिजिटल उत्पादन' म्हणते. मी एकोणीस वर्षं छपाईच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. गिऱ्हाइकाने दिलेला कागद मशीनमधून काढायचा आणि त्याच्या हातात ठेवायचा, असा माझा धंदा. त्याला उत्पादन म्हणायची हिंमत मला अजून झालेली नाही.

आठ महिन्यांपूर्वी तिने दातांच्या डॉक्टरांकडची रिसेप्शनवरची नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. तीन आठवडे त्या टेबलावर कोणाला धड जेवता आलं नाही. मग 'संपूर्ण आयुष्य नियोजन संच' जन्माला आला. पानं दोनशे चौदा. दिवसाचं नियोजन, आठवड्याचं नियोजन, पाणी किती प्यायलो त्याचे थेंब रंगवायचं पान, झाडांना पाणी कधी घातलं त्याचं पान, मनःस्थितीचं पान, आणि मनःस्थिती का बिघडली त्याचं वेगळं पान. मी म्हटलं, "एवढं भरत बसलं तर जगायचं कधी?" ती हसली नाही. तिच्यात तेवढा एक दोष आहे. माझ्या विनोदांना ती हसत नाही.

वर त्यातली निम्मी पानं गुलाबी. कडेपासून कडेपर्यंत गुलाबी. छापणाऱ्या माणसाला विचारा, असलं एक पान किती शाई पितं. दहा पानांत घरच्या प्रिंटरचा घसा कोरडा पडतो. पण हे सांगायला मी कोण? मी फक्त छापते.

संच तिने एका ऑनलाइन बाजारात लावला. किंमत चारशे नव्याण्णव. पहिल्याच महिन्यात एक संच गेला. घेणाऱ्याने नाव लावलं होतं 'सूर्यफूल ७१'. भावजय आधी आनंदली आणि मग तिने माझ्या भावाच्या तोंडाकडे पाहिलं. भाऊ गालात हसत होता. तो तसा कशालाही हसतो.

"तुम्हीच घेतलात ना?" तिने विचारलं.

"असू दे गं," भाऊ म्हणाला.

बस्स, एवढंच. ना हो, ना नाही. आयतं पुण्य पदरात पडतंय म्हटल्यावर या गृहस्थाने ते मुकाट्याने घेतलं. चार दिवसांनी त्या सूर्यफुलाचा काहीतरी निरोप आला, तोही तिने नवऱ्याची चेष्टा समजून उघडला नाही. वहीत तिने लिहिलं, 'चारशे नव्याण्णवला विक्री : शून्य.' ही वही तिने मला अनेकदा दाखवली आहे. अक्षर सुंदर आहे.

त्यानंतर पाच आठवडे कोणी फिरकलं नाही, आणि आमच्या घरात मार्गदर्शक आला. म्हणजे मोबाइलवर. चौकड्यांचा कोट घातलेला हा माणूस घरबसल्या विक्री कशी करावी ते शिकवतो, आणि त्याने घरबसल्या जे काही विकलं आहे ते म्हणजे हेच शिकवणं. त्याचा मंत्र असा : किंमत उतरवा, गर्दी वाढवा. हिने दोनशे नव्याण्णव केले. मग एकशे एकोणपन्नास. गर्दी काही वाढेना.

"आठवड्याला किती लोक बघतात तुझा संच?" मी एकदा विचारलं.

"अकरा."

"अकरा माणसं दारावरून जातात. त्यातली चार चुकून आलेली. आणि तू पाटीवरचा आकडा खोडत बसलीस. अगं, पाटी वाचायला आधी माणूस तर हवा!"

"मार्गदर्शक म्हणतात, किंमत हा अडथळा असतो."

"मार्गदर्शकाला म्हणावं, तुमचा कोर्स एकोणीसला द्या."

याचंही तिला हसू आलं नाही. तिने एकोणपन्नास केले. मी दुकानातल्या एका वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर तिला हिशेब करून दाखवला. तो बाजारवाला प्रत्येक विक्रीमागे पंधरा ठरलेले कापतो आणि वर दहा टक्के घेतो. एकोणपन्नासातले वीस त्याचे, एकोणतीस तुझे. किंमत उतरली तरी त्याचे पंधरा उतरत नाहीत. तिने कागद नीट घडी घालून वहीत ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी घातल्याचं समाधान मला मिळालं.

आता पुढचं सांगताना मला स्वतःचीही लाज वाटते, पण सांगायला हवं. एका रविवारी भाऊ खाली माझ्या खोलीत आला. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वरच्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. तो म्हणाला, "ताई, ती फार खचलीय. आपण घरातल्यांनीच थोडे घेऊ. एकोणपन्नास तर आहेत. तिला कळायचं नाही."

"भीक घालायची आहे तर उघड घाल," मी म्हटलं. आणि तरीही घेतला. दुकानाच्या ईमेलवरून घेतला, वेगळंच नाव लावलं आणि फाइल उघडूनही पाहिली नाही. भावाने दोन खात्यांवरून दोन घेतले. मावसबहिणीने एक, आत्याच्या सुनेने एक, आणि भावजयीच्या स्वतःच्या दोन भावांनी एकेक. मिळून सात. मावसबहिणीने तर संच उतरवून घ्यायच्या आधीच पाच तारे देऊन लिहिलं, 'खूप उपयोगी, माझे जीवन बदलले.' तिचं जीवन तेव्हाही तसंच होतं, आताही तसंच आहे.

भावजय संध्याकाळी माझ्याकडे धावत आली. चार-चार पायऱ्या तिने एकेका उडीत उतरल्या असाव्यात, कारण धाप लागली होती. "ताई, दोन दिवसांत सात! बघा, किंमतच आड येत होती!"

तिचं तोंड बघून मी नुसतं अभिनंदन केलं. एरवी माझी जीभ कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

तिचं तर्कशास्त्र अगदी बरोबर होतं, हे मी मान्य करते. चारशे नव्याण्णवला शून्य, दोनशे नव्याण्णवला शून्य, एकशे एकोणपन्नासला शून्य, एकोणपन्नासला सात. यावरून शहाणा माणूस काय करेल? किंमत आणखी उतरवेल. तिने एकोणीस केली. वजाबाकी करून हाती उरणार दोन. दोन! माझ्या दुकानात एवढ्यात एक काळी-पांढरी प्रत निघते.

आठ दिवस एकही विक्री झाली नाही. होणार कशी? दया करणारे सगळे नातेवाईक एकोणपन्नासलाच संपले होते.

नवव्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला आणि टेबल पुसलं. "फुकटाच्या भावातही कोणाला नको असेल तर वस्तूच टाकाऊ आहे, ताई," ती म्हणाली. "डॉक्टरांचा फोन आला होता. खुर्ची अजून रिकामी आहे म्हणाले. शनिवारी बारापर्यंत हो म्हणायचंय, नाहीतर ते दुसरी बघतायत."

त्या खुर्चीत तिने सहा वर्षं काढली होती. डॉक्टर तासभर उशिरा यायचे आणि दात दुखणाऱ्या वीस माणसांची बोलणी ही खायची. वर संध्याकाळी डॉक्टर विचारायचे, "तोंड का पाडून बसता? पेशंटवर परिणाम होतो." शेवटच्या वर्षी ती घरी येऊन अर्धा तास कोणाशी बोलायची नाही. ते सगळं मी पाहिलेलं आहे. आठ महिने मीच म्हणत होते की हे रेघांचं खूळ सोड आणि नोकरी धर. माझं म्हणणं खरं होत होतं, आणि मला त्याचा काडीचा आनंद होत नव्हता.

गुरुवारी दुपारी दुकानात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पायांत बिनआवाजाचे बूट, खांद्याला मोठी पिशवी. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"यातलं एकशे सदतीस नंबरचं पान. साठ प्रती. काळ्या-पांढऱ्या."

मी फाइल उघडली आणि पहिलंच पान गुलाबी. संपूर्ण आयुष्य नियोजन संच.

"हे कुठून घेतलंत?"

"ऑनलाइन. सहा महिने झाले असतील. का हो, छापायला परवानगी लागते?"

"नाही नाही. केवढ्याला घेतलंत?"

"चारशे नव्याण्णव. आणि खरं सांगू का, यातली बाकीची पानं मी बघितलीही नाहीत. पाणी प्यायल्याचे थेंब रंगवायला वेळ कोणाला आहे? पण या एका पानासाठी मी दोन महिने शोधत होते. हजार दिले असते."

मी एकशे सदतीसवर गेले. ते पान गुलाबी नव्हतं. पांढरं, काळ्या रेघा, डाव्या बाजूला भोकं पाडायला बोटभर जागा. वर लिहिलेलं, 'आजारी माणसाजवळ पाळी बदलताना.' खाली रकाने. वेळ. काय दिलं. किती घेतलं. त्रास काय झाला. आणि तळाला रुंद चौकट : 'पुढच्याला सांगायचं राहिलेलं.'

ते पान मी ओळखलं. ओळखणारच. आई अंथरुणावर होती तेव्हा सकाळपासून दुपारी एकपर्यंत मी बसायचे आणि एकनंतर भावजय. त्या पाच महिन्यांत आमचं दोघींचं बोलणं बंद होतं. कशावरून ते आता आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण चूक माझी होती. एक वाजता दारात आम्ही एकमेकींना ओलांडून जायचो. मग एकदा आईला तीच गोळी दोनदा गेली. दुसऱ्या दिवशी उशाशी हे पान होतं, हाताने आखलेलं. आठवड्याने तिने ते क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर नीट केलं आणि माझ्या दुकानात छापायला दिलं. मी दीडशे प्रती काढल्या आणि तिच्याकडून पूर्ण पैसे घेतले. नणंद-भावजय असलो तरी दर तो दर.

त्यानंतर आई असेपर्यंत आम्ही त्या चौकटीतून बोललो. 'आज खिडकीकडे तोंड करून झोपायचं म्हणतात.' 'तुमचा डबा झाकून ठेवलाय.'

"मी घरी आजाऱ्यांजवळ बसायला बायका पाठवते," त्या बाई सांगत होत्या. "बारा जणी आहेत माझ्याकडे. आधी हे पान मी माझ्या वडिलांसाठी आणलं. ही खालची चौकट बघा. ज्याने कोणी काढलंय ना, तो माणूस रुग्णाजवळ बसलेला आहे. हे बसल्याशिवाय सुचत नाही."

"बसलेली आहे," मी म्हटलं.

"माझ्या बाराही जणींना वापरायला देऊ का, त्याचे वेगळे किती घ्याल, असा मी निरोप पाठवला होता. उत्तरच नाही. त्यांची अट लिहिलेली आहे, फक्त घरच्या वापरासाठी. मग दुसऱ्यांना कशी देणार? या साठ वडिलांसाठीच. परवा पुन्हा बघायला गेले तर एकोणीसला लावलंय! मला वाटलं, दुकान बुडालं. नाहीतर मालात काहीतरी खोट निघाली. एका मैत्रिणीला सांगणार होते, पण म्हटलं, एकोणीसची वस्तू काय सांगायची?"

"तिथं तुमचं नाव सूर्यफूल आहे का?" मी विचारलं.

त्या दचकल्या. "तुम्हाला कसं कळलं? एकाहत्तरचा जन्म माझा."

मी साठ प्रती मोजून दिल्या, त्यांचा नंबर घेतला आणि स्टुलावर बसले. एकोणीस वर्षांत दुपारच्या वेळी मी बसलेली नाही.

गंमत बघा. जे एक गिऱ्हाईक खरं होतं, ते तिने खोटं धरलं. जी सात खोटी होती, ती खरी धरली. आणि वहीतल्या सुंदर अक्षरातल्या त्या हिशेबावर ती उद्या-परवा दातांच्या डॉक्टरला हो म्हणणार होती. हे कोणी केलं? मार्गदर्शकाने? तो बिचारा नुसता मूर्ख. हे आम्ही केलं, घरच्या माणसांनी. तिचा माल आम्ही एकोणपन्नासाचा समजलो आणि स्वतःला दानशूर.

आता तिला सूर्यफुलाचं सांगायचं तर सातांचंही सांगायला हवं होतं. नुसतं गिऱ्हाईक आलंय म्हणून भागलं नसतं, ती मला म्हणाली असती, एकोणपन्नासला सात घेतात तर चारशे नव्याण्णवचं एक घेऊन काय करू? संध्याकाळी मी भावाला गाठलं.

"तूच सांग तिला," मी म्हटलं.

"ताई, कशाला? तिला किती वाईट वाटेल. नोकरी काही वाईट नाही."

"आणि सूर्यफूल मीच म्हणून सहा महिने मिरवलास, ते?"

"मी कुठं म्हणालो? मी फक्त असू दे म्हणालो."

याला म्हणतात चोर तो चोर वर शिरजोर. माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून एवढ्यावर सोडते.

मलाही तिच्यासमोर उभं राहून बोलायचं धैर्य झालं नाही. तोंडाने मी तिची आठ महिने टर उडवली होती, त्याच तोंडाने हे कसं सांगणार? शुक्रवारी दुपारी मी तिची ती फाइल पहिल्यांदा उतरवून घेतली, एकशे सदतिसावं पान छापलं आणि भरलं.

वेळ : शुक्रवार, एक वाजता. काय दिलं : एकोणपन्नासची सात गिऱ्हाइकं. सगळी घरची. त्यांतली एक मी. किती घेतलं : तू सगळंच खरं मानलंस. त्रास काय झाला : किंमत एकोणीसवर आली. आणि तळाच्या चौकटीत, 'पुढच्याला सांगायचं राहिलेलं : सूर्यफूल तुझा नवरा नाही. खरी बाई आहे. तिला फक्त हे पान हवं होतं आणि तिने चारशे नव्याण्णव आनंदाने दिले. बारा जणींसाठी परवानगी मागतेय, तिचा निरोप उघड. एका सूर्यफुलाने तुला चारशे चौतीस दिले. एकोणीसच्या भावात तेवढे मिळवायला दोनशे सतरा माणसं लागतील. उद्या बाराच्या आत विचार कर.' खाली सूर्यफुलाचा नंबर लिहिला आणि पान तिच्या दाराखालून सरकवलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती दुकानात आली. डोळे सुजलेले होते, केस मात्र चापूनचोपून बसवलेले. काउंटरवर तिने सुटे पैसे ठेवले. बरोबर एकोणपन्नास.

"सातही संचांचे परत केलेत," ती म्हणाली. "तुमचे हातात द्यावेसे वाटले."

"अगं, राहू देत."

"नाही. ती विक्री नव्हती." तिने मोबाइल काढला. "सूर्यफुलाशी बोलले सकाळी. हे पान वेगळं काढतेय. त्याच्यासोबत औषधांचं एक नवं आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचं एक नवं, अशी तीनच पानं. बाकी दोनशे तेरा काढून टाकली. तसं नाव देतेय की शोधणाऱ्याला सापडेल, आयुष्य-बियुष्य काही नाही. घरच्या वापराला तीनशे नव्याण्णव. त्यांच्या बारा जणींसाठी लेखी परवानगी, अडीच हजार. त्या हो म्हणाल्या."

"तीनशे नव्याण्णव जरा जास्त होतात का? दोनशेला..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही एकोणपन्नासचं गिऱ्हाईक. तुम्हाला नाही विचारलं."

मागे उभा असलेला एक माणूस खुदकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपला कागद उलटा धरून वाचायला सुरुवात केली.

"आणि हे चाललं नाही तर?" मी हळू आवाजात विचारलं. "एकच तर गिऱ्हाईक आहे."

"एकच आहे. पण आहे." तेवढ्यात तिचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर. तिने तिथंच, माझ्या काउंटरला टेकून घेतला. "नाही, सर," ती म्हणाली. "दुसरी बघा." फोन पिशवीत टाकायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

जाताना तिने माझं ते भरलेलं पान घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. मला वाटलं, परत केलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या प्रती लावून दिल्यावर उलगडलं तर माझ्या मजकुराच्या खाली, चौकटीत उरलेल्या बोटभर जागेत, तिचं ते सुंदर अक्षर होतं.

'आईंच्या वेळी या पानाच्या छपाईचे तुम्ही माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले होते. तेव्हा राग आला होता. मग कळलं, या घरात मला पूर्ण दर लावणाऱ्या तुम्ही एकट्याच. या वेळी का उतरलात?'

मशीन चालू होतं. चार माणसं रांगेत उभी होती. मी ते पान गल्ल्यात, एकोणपन्नासच्या सुट्या पैशांखाली ठेवलं, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाचा कागद घेतला.